६६ अक्षरांची जागा

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या हजारो घरांत टपालानं एक छापील अर्ज येऊ लागला. गेलेल्या माणसाचं नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख हे सगळं त्यात आधीच भरलेलं असायचं. ते बरोबर आहे का, एवढंच घरच्यांनी तपासायचं होतं. खाली मात्र एक जागा रिकामी सोडलेली होती. दगडावर तुम्हाला तुमचं स्वतःचं काही कोरून हवं असेल तर ते इथे लिहा. मर्यादा ६६ अक्षरांची. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक अक्षर धरायची.

समाधिलेखांबद्दल मी बरंच वाचलं आहे. राजेरजवाड्यांच्या कबरींवरच्या लॅटिन ओळी, कवींनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या ओळी, विनोदी ओळींचे संग्रह. त्यातले विनोदी संग्रह तर मला आता वाचवतच नाहीत. त्यातल्या निम्म्या ओळी कुठल्याही दगडावर नसाव्यात, इतक्या त्या छापण्यासाठीच केलेल्या वाटतात. पण त्या अर्जातली ती रिकामी जागा डोक्यातून जात नाही. आयुष्यात कधी कविता न लिहिलेल्या माणसांना, त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांत, कडक मात्रागणाच्या एका वृत्तात लिहायला बसवलं गेलं होतं. आणि त्यांच्यातल्या काहींनी असं लिहिलं की त्यापुढे भल्याभल्यांची शोककाव्यं सैल वाटावीत.

मर्यादा कुठून आली तेही सांगण्यासारखं आहे. युद्धात मेलेल्यांच्या कबरींसाठी १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. मृतदेह मायदेशी आणू द्यायचे नाहीत, हे त्याआधीच ठरलेलं होतं. श्रीमंतांनी आपली मुलं घरी आणावीत आणि गरिबांची मुलं परक्या मातीत राहावीत, असं व्हायला नको, हे त्यामागचं एक कारण. त्याच न्यायानं दगडही सगळ्यांना सारखाच असणार होता. जनरल असो की साधा शिपाई, उंची सुमारे ८१ सेंटीमीटर, रुंदी ३८. या कबरस्तानांचा आराखडा सुचवणारा अहवाल १९१८ मध्ये फ्रेडरिक केनियन यांनी लिहिला. ते ब्रिटिश म्युझियमचे संचालक होते, म्हणजे कोरीव लेख आयुष्यभर बघितलेला माणूस. घरच्यांना एक ओळ लिहू द्यावी हे त्यांना पटत होतं, पण पूर्ण मोकळीक दिली तर काय होईल याची त्यांना धास्ती होती. थडगी घडवणारे कारागीर, भावविवश पद्य जुळवणारे आणि विक्षिप्त लोक यांना रान मोकळं मिळेल, असं त्यांनी जवळजवळ याच शब्दांत अहवालात लिहून ठेवलं आहे. म्हणून मर्यादा. मजकूर मंजूर करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकारही कमिशनकडेच राहिला.

शिवाय पैसे. सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात. पूर्ण ६६ अक्षरं घेतली तर हिशेब १९ शिलिंग ३ पेन्सवर जातो, म्हणजे पाऊंडाला थोडे कमी. साध्या शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग होता, हे लक्षात घेतलं की ही रक्कम कळते. मुलाच्या एकोणीस दिवसांच्या पगारात मुलावर एक ओळ. यावरून ओरड झाली आणि पुढे ते पैसे ऐच्छिक ठरले. कॅनडाच्या सरकारनं आपल्या सैनिकांच्या घरच्यांचा हा खर्च स्वतः उचलला. न्यूझीलंडनं तर घरच्यांच्या ओळीच नकोत असं ठरवलं; सगळे सारखे म्हणायचं तर खालची जागाही सारखीच हवी, आणि सारखी म्हणजे कोरी. मला हा निर्णय पटत नाही. पण तो समजतो.

या दगडाकडे नीट बघितलं तर त्यावर दोन आवाज आहेत. वरचा सरकारचा: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, कधी वय. मधे बहुतेकांच्या दगडावर क्रूस, इतरांच्या दगडावर त्यांच्या धर्माचं चिन्ह. आणि अगदी तळाशी, मातीला टेकत आलेल्या भागात, घरच्यांचा आवाज. अक्षरं सगळी एकाच वळणाची. लेखनकलाकार मॅकडोनाल्ड गिल यांनी आखलेली मोठी रोमन अक्षरं. म्हणजे बोलणारे दोन, पण हस्ताक्षर एकच. बघणाऱ्याला कोण कधी बोलायला लागलं ते फक्त शब्दांवरून ओळखावं लागतं.

आणि मला वाटतं, समाधिलेखाची सगळी कारागिरी इथेच आहे: बोलतंय कोण, आणि कोणाशी. शब्द किती सुंदर हा प्रश्न त्याच्या बराच मागून येतो. दगडावर ‘मी’ म्हणणारा कोण? मेलेला माणूस? दगड? आई? की ‘तू’ म्हणून मेलेल्याशी बोललं जातंय? की समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी? हे एकदा ठरलं की ओळ आपोआप अर्धी लिहून होते. न ठरवता लिहिली की ती कुठल्याही दगडावर चालते.

हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्याला, अथेन्सच्या जवळच्या प्रदेशात, फ्रासिक्लेइया नावाच्या मुलीच्या थडग्यावर तिचा संगमरवरी पुतळा उभा केला गेला. हातात मिटलेली कमळकळी छातीशी धरलेली तरुण मुलगी. खालच्या बैठकीवर दोन ओळी होत्या. त्यांचा अर्थ साधारण असा: फ्रासिक्लेइयाची ही खूण. मला सदैव कुमारीच म्हटलं जाईल. लग्नाऐवजी देवांकडून हे नाव माझ्या वाट्याला आलं. बैठकीच्या बाजूला शिल्पकाराचं नाव, पारोसचा आरिस्तिऑन. ही बैठक बराच काळ एका चर्चच्या बांधकामात बसवलेली होती. पुतळा मात्र १९७२ मध्ये जवळच्याच एका खड्ड्यात सापडला आणि दोन्हींचा मेळ बसला. आज ती दोन्ही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एकत्र आहेत.

पण मला त्या ‘मला’बद्दल बोलायचं आहे. त्या काळी वाचणं म्हणजे बहुतेक वेळा मोठ्यानं वाचणं. वाटेनं जाणारा कुणी थांबायचा, अक्षरं जुळवत उच्चारायचा. म्हणजे दगडावर जिथे ‘मला कुमारी म्हटलं जाईल’ आहे, तिथे त्या माणसाच्या, कदाचित एखाद्या दाढीवाल्या शेतकऱ्याच्या, तोंडातून ते वाक्य बाहेर पडायचं. मेलेली मुलगी काही क्षण त्याचा आवाज उसना घ्यायची. आणि तिचं भाकीत तिथल्या तिथे खरंही ठरायचं, कारण तिला कुमारी म्हणणारा माणूस समोर उभा असायचा. दोन ओळींत आयुष्याचा तपशील जवळजवळ काहीच नाही. ती किती वर्षांची होती, कशानं गेली, आई कोण, बाप कोण, काही नाही. फक्त एक गोष्ट जी व्हायची होती आणि झाली नाही. तेवढ्यावर सगळा लेख उभा आहे, आणि तो अडीच हजार वर्षं कोसळलेला नाही.

रोमन लोक वाटसरूशी आणखी थेट बोलत. त्यांच्या कबरी शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला असत. तेव्हा वाचक म्हणजे चालून दमलेला, घाईत असलेला माणूस, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला क्लॉडिया नावाच्या स्त्रीचा लेख आहे, वृत्तबद्ध आठ ओळींचा. मूळ दगड हरवला, नकला उरल्या. तो जवळजवळ पूर्ण देतो, कारण त्याच्यावर बोलण्यापेक्षा तो वाचलेला बरा:

वाटसरू, सांगायचंय ते थोडंच आहे. थांब आणि वाचून जा. एका सुंदर स्त्रीची ही सुंदर नसलेली कबर. आईवडिलांनी नाव ठेवलं क्लॉडिया. आपल्या नवऱ्यावर तिनं मनापासून प्रेम केलं. तिला दोन मुलगे झाले. त्यातला एक ती जमिनीवर सोडून जाते आहे, दुसरा तिनं जमिनीखाली ठेवला आहे. बोलणं गोड, चालणं मर्यादेचं. घर सांभाळलं. लोकर कातली. माझं सांगून झालं. जा.

यातलं घर सांभाळणं आणि लोकर कातणं हे रोमन बायकांच्या थडग्यांवरचं ठरीव कौतुक. आपल्याकडच्या छापील शोकसंदेशात ‘मनमिळाऊ स्वभावाच्या’ येतं, तसं. लिहिणाऱ्यानं ते टाळलेलं नाही. पण त्याच्या आधी त्यानं मुलांची ओळ ठेवली आहे. एक मुलगा वर, एक खाली, आणि दोन्ही क्रियापदांची कर्ती तीच. ‘दुसरा लहानपणी वारला’ असं तो म्हणत नाही. तिनं त्याला खाली ठेवलं, असं म्हणतो. आता ती त्याच्याकडे जाते आहे, हे दगड बोलत नाही, वाचणाऱ्याच्या मनात ते उमटतं. त्यानंतरचं ‘घर सांभाळलं, लोकर कातली’ वाचताना ते ठरीव वाक्य ठरीव राहत नाही. मूल पुरलेल्या बाईनं दुसऱ्या दिवशी उठून काय केलं असेल, ते त्यात येतं. आणि मग तो कोरडा शेवट. झालं सांगून, जा. वाचकाला रडायला सोयीची जागा न देता रस्त्याला लावणारा इतका स्वाभिमानी शेवट मी कवितेतही फार कमी बघितला आहे.

ठरीव वाक्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या त्या सैनिकी कबरस्तानांत तळाच्या ओळींची पुनरावृत्ती खूप आहे. शांती, परिपूर्ण शांती. पहाट होईपर्यंत. गेला पण विसरला नाही. स्तोत्रांतून आणि बायबलमधून उचललेल्या, सवयीच्या ओळी. साहित्याच्या नजरेनं बघणारे लोक अशा ओळींवर नाक मुरडतात. मला तसं करावंसं वाटत नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात पत्रापलीकडे काही लिहिलं नाही, तिच्यापुढे सरकारी अर्ज येतो आणि ६६ अक्षरांत मुलगा मांडा म्हणतो. ती चर्चमध्ये शंभरदा म्हटलेल्या गाण्याची ओळ उचलते, कारण ती ओळ फसणार नाही याची तिला खात्री असते. तिथे ‘कोण बोलतंय’ याचं उत्तर असतं: गावातले सगळेच. ते खोटं नाही. फक्त त्या ओळीतून तिचा मुलगा दिसत नाही, एवढंच.

आता ज्या दगडासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येतो. उत्तर फ्रान्समध्ये बायलमाँ नावाचं खेडं आहे. तिथल्या गावकीच्या कबरस्तानात काही ब्रिटिश सैनिकांच्या कबरी आहेत. त्यातला एक मँचेस्टर रेजिमेंटचा साधा शिपाई. १ डिसेंबर १९१६ रोजी तो गेला. दगडाच्या वरच्या भागात इतर लाखोंसारखाच मजकूर आहे. तळाशी मूळ इंग्रजीत असं आहे: शॉट ॲट डॉन. वन ऑफ द फर्स्ट टु एनलिस्ट. अ वर्दी सन ऑफ हिज फादर. म्हणजे, पहाटे गोळ्या घातल्या. भरती होणाऱ्या पहिल्यांपैकी एक. आपल्या बापाचा लायक मुलगा.

या माणसाला शत्रूनं मारलं नव्हतं. तो आणि त्याचा एक दोस्त पलटण सोडून पळाले, साध्या कपड्यांत दिएपच्या बंदरातल्या एका स्वीडिश जहाजावर सापडले, लष्करी न्यायालयासमोर उभे राहिले आणि दोघांनाही आपल्याच सैन्याच्या गोळीबार पथकानं मारलं. अशा माणसांनाही कमिशननं इतरांसारखाच दगड दिला, ही त्या कमिशनची मोठी गोष्ट म्हणायची. वरच्या सरकारी भागात मृत्यूचं कारण लिहायची पद्धतच नव्हती. तेव्हा नुसती तारीख वाचून कुणालाच काही कळलं नसतं. गावातल्या माणसांना, नातेवाइकांना, दगडासमोरून जाणाऱ्या कुणालाही. लाज लपवायची असती तर दगडानं ती आपण होऊन लपवली होती. बापाला फक्त गप्प राहायचं होतं, किंवा ‘परिपूर्ण शांती’ लिहून मोकळं व्हायचं होतं.

त्यानं ते केलं नाही. त्यानं पहिल्याच तीन शब्दांत सरकारनं न सांगितलेलं सांगून टाकलं.

आता त्या ओळींची मांडणी बघा. तीन तुकडे, आणि मधे कुठेही ‘पण’ नाही. सामान्यपणे असं वाक्य ‘गोळ्या घातल्या, पण तो पहिल्या भरतीतला होता’ असं येतं. ‘पण’ आला की ते समर्थन होतं, वकिली होते. ‘पण’ म्हणजे वाद घालणं, आणि वाद घालणारा समोरच्याचा आरोप आधी मान्य करून बसतो. इथे तीन वस्तुस्थिती एकीखाली एक ठेवल्या आहेत आणि त्यांचा संबंध लावायचं काम वाचणाऱ्यावर टाकलं आहे. पहिल्या भरतीतला, म्हणजे सक्ती नसताना स्वतःहून गेलेला. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती १९१६ मध्ये सुरू झाली. तोवर जे गेले ते आपल्या पायांनी गेले. जो माणूस सगळ्यांत आधी गेला त्यालाच शेवटी पळपुटा ठरवून मारलं, हे बाप म्हणत नाही. ते आपण म्हणतो, आणि आपण म्हणतो म्हणूनच ते बोचतं.

तिसरा तुकडा मला सगळ्यांत धाडसी वाटतो. ‘बापाचा लायक मुलगा’ हे तसं वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य. कुठल्याही शूराच्या दगडावर चाललं असतं. या दगडावर मात्र त्याचा अर्थ उलटा वाहतो. इथे मुलगा बापाच्या नावाला शोभतो असं नुसतं म्हणणं नाही. बाप स्वतःला मुलाच्या शेजारी उभं करतो आहे. याला भ्याड म्हणणार असाल तर मलाही म्हणा. आणि हे ‘माझा मुलगा’ असं प्रथमपुरुषात येत नाही, ‘आपल्या बापाचा’ असं तृतीयपुरुषात येतं. ओळ लिहिणाराच ओळीतलं पात्र आहे, आणि स्वतःबद्दल साक्षीदारासारखा बोलतो आहे. जणू न्यायालयात मुलाच्या बाजूनं जे कुणी बोललं नाही, ते तो शपथेवर बोलून ठेवतो आहे.

मग मी मूळ इंग्रजी अक्षरं मोजली. पहिला तुकडा मोकळ्या जागा धरून १२. दुसरा २६. तिसरा २६. तुकड्यांमधल्या दोन जागा. एकूण ६६.

एकही अक्षर शिल्लक नाही. ‘पण’ घालायला जागाच नव्हती. बापानं बसून मोजत मोजत काट मारली, की ओळ सहज तेवढीच झाली, ते कुठे नोंदलेलं नाही. पण एखाद्या वृत्तात लिहून बघितलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मात्रा संपतात तेव्हा सगळ्यांत आधी पडतात ती उभयान्वयी अव्ययं. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ गळून जातात, उरतात नाम आणि क्रियापद. आणि बऱ्याचदा गळून गेलेलंच ओळीतलं सगळ्यांत मोठं बोलणं होऊन बसतं. केनियनना भावविवश पद्याची भीती होती. त्यांच्या मर्यादेनं हे घडवलं.

त्या शिपायासकट लष्करी शिस्तीच्या गुन्ह्यांसाठी मारलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेनं २००६ च्या कायद्यानं माफी दिली. बापाची ओळ तोवर ऐंशीहून अधिक वर्षं तिथे उभी होती.

सगळ्यांनी जागा पुरी वापरली असंही नाही. बेल्जियममध्ये टाइन कॉट नावाचं कबरस्तान आहे, त्या कमिशनच्या कबरस्तानांत सगळ्यांत मोठं, सुमारे १२,००० दगडांचं. तिथे १६ ऑगस्ट १९१७ रोजी मेलेल्या, जपानमध्ये जन्मलेल्या एका तरुण सेकंड लेफ्टनंटच्या दगडावर लिहिलं आहे: युद्धानं युद्ध संपतं या भ्रमाला बळी दिलेला. मूळ इंग्रजीत ४६ अक्षरं. वीस शिल्लक. हे युद्ध म्हणजे सगळ्या युद्धांचा शेवट, ही तेव्हाची लोकप्रिय घोषणा होती, एच. जी. वेल्स यांनी १९१४ मध्येच ती पुस्तकाच्या नावात घेतली होती. ओळीचा घाव नेमका तिच्यावर आहे. ‘बळी’ हा शब्द तर सगळ्या कबरस्तानांत होता, देशासाठी, राजासाठी, स्वातंत्र्यासाठी बलिदान. इथे वाक्याची चाल तीच ठेवली आणि ज्याच्यासाठी बळी दिला ती जागा फक्त बदलली. मला ही ओळ आवडते, पण बापाच्या ओळीइतकी नाही. इथे बोलणारा बरोबर आहे, आणि आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत आहे. मुलगा वाक्यात फारसा नाहीच. चांगली राजकीय ओळ आणि चांगला समाधिलेख यांच्यात थोडं अंतर पडतं ते असं. हे कमिशननं मंजूर कसं केलं, याचं मात्र मला कौतुक वाटतं.

त्याच टाइन कॉटमध्ये आठ हजारांहून जास्त दगडांवर नावच नाही. तिथे कोण पुरलं आहे ते कळलंच नाही. अशा दगडांवर घरच्यांची ओळ कोण पाठवणार? घरच्यांना माहीतच नाही की हा त्यांचा आहे. तेव्हा त्या सगळ्यांसाठी एकच मजकूर ठरवला गेला: महायुद्धातला एक सैनिक, आणि तळाशी, देवाला ठाऊक असलेला. हे शब्द कमिशनचे साहित्य सल्लागार रुडयार्ड किपलिंग यांनी दिले. त्यांचा अठरा वर्षांचा एकुलता मुलगा सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. १९३६ मध्ये किपलिंग वारले तोवर त्यांना त्याची कबर सापडली नाही. म्हणजे ज्या दगडांसाठी ते शब्द शोधत होते त्यातल्या कुठल्याही एकाखाली आपला मुलगा असू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्या ओळीत ‘आम्हाला ठाऊक नाही’ असं म्हटलेलं नाही. कुणाला ठाऊक आहे तेवढंच सांगितलं आहे.

नाव नसलेला दगड म्हटलं की कीट्सचा दगड आठवणं भागच आहे. तिथे नाव नाही ते मरणाऱ्याच्याच इच्छेनं. जॉन कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ च्या रात्री रोममध्ये क्षयानं वारला, वय २५. माझ्या दगडावर नाव नको, तारीख नको, फक्त एकच ओळ घाला, असं त्यानं सांगितलं होतं: इथे तो पडला आहे ज्याचं नाव पाण्यात लिहिलं होतं. मूळ इंग्रजीत नऊ शब्द, मोकळ्या जागा धरून ४२ अक्षरं. कमिशनच्या अर्जात आरामात बसली असती. तीत ‘मी’ नाही. बोलणारा आपल्याकडे आधीच तिसऱ्या माणसाच्या जागेवरून बघतो आहे, त्या शिपायाच्या बापासारखा. आणि तक्रार आहे की शरणागती आहे की थोडा गर्वही, ते ठरत नाही. पाण्यात लिहिलेलं टिकत नाही, पण पाण्यात नाव लिहायला जाणारा माणूस काही साधा नसतो.

त्याच्या मित्रांना ती ओळ एकटी ठेववली नाही. चित्रकार जोसेफ सेव्हर्न आणि चार्ल्स ब्राउन यांनी तिच्या वर चाळीसेक शब्दांचा परिच्छेद चढवला: या थडग्यात एका तरुण इंग्रज कवीचं जे काही मर्त्य होतं ते आहे, ज्यानं मृत्युशय्येवर, मनाच्या कडवटपणात, शत्रूंच्या दुष्ट सामर्थ्यामुळे, हे शब्द कोरावेत अशी इच्छा केली. वर तुटलेल्या तारांची वीणा, खाली २४ फेब्रुवारी ही तारीख, एका दिवसानं चुकलेली. प्रेमानं केलेलं काम आहे, आणि ओळीची वाट लावणारं आहे. कीट्सनं काय वाटतं ते सांगितलं नव्हतं. मित्रांनी कडवटपणा म्हणून सांगून टाकलं. त्यानं कुणाला दोष दिला नव्हता. त्यांनी समीक्षकांना शत्रू म्हणून दगडावर आणून बसवलं. एका आवाजाच्या जागी दोन आले, आणि दुसऱ्यानं पहिल्याचा अर्थ लावायला घेतला. ब्राउनला पुढे याचा पश्चात्ताप झाला. सेव्हर्न १८७९ मध्ये वारला, आणि नंतर त्याला कीट्सच्या शेजारी पुरलं. त्याच्या दगडावर लिहिलं आहे की हा जॉन कीट्सचा निष्ठावान मित्र आणि मृत्युशय्येजवळचा सोबती. तेव्हा कीट्सचं थडगं कुठलं हे आजही शेजारचा दगड वाचून कळतं.

गोष्ट इथेही थांबली नाही. जवळच्याच भिंतीवर नंतर कुणीतरी संगमरवरी पाटी लावली. तिच्यावर कीट्सच्या नावाची पाच अक्षरं ओळींच्या सुरुवातीला गुंफलेली कविता आहे, तुझं नाव पाण्यात लिहिलेलं असेल तर त्या पाण्याचा थेंब न् थेंब शोक करणाऱ्यांच्या गालांवरून ओघळलेला आहे, अशा आशयाची. वृत्त व्यवस्थित, भावना खरी. मी ती कितीदा वाचली असेल, पाठ होत नाही.